किचन इनचार्जसाठी दोन बायोडेटा आलेत, आमच्या २२ खोल्यांच्या रिसॉर्टला कुठला जुळतो कसं बघायचं?

देवबागचा_भाऊ
नमस्कार मंडळी. मामेभावाचं देवबागच्या बाजूला रिसॉर्ट आहे, २२ खोल्या, समुद्र समोर आणि मागे खाडी. ऑक्टोबरच्या आत किचन इनचार्ज पाहिजे. हिशेब आणि माणसं बघायचं काम माझ्याकडे, किचनमधलं मला फक्त खाता येतं, म्हणून इथे विचारतोय. आम्ही जाहिरात टाकलेली ती अशी:

"२२ खोल्यांचं बीच रिसॉर्ट. सीडीपी लेव्हलचा, म्हणजे एक सेक्शन स्वतः सांभाळणारा, किचन इनचार्ज. नाश्ता ऑर्डरप्रमाणे, गरम घावणे-आंबोळी टेबलावर. दुपारी-रात्री गेस्टला मासा दाखवून त्याच्या पसंतीने बनवून देणे. ऑर्डर २५ मिनिटांत. किचनमध्ये एकूण ४ जण. फाइव्ह स्टार सर्व्हिस स्टँडर्ड."

दोन बायोडेटा बाजूला काढलेत. पहिला, त्याला 'क' म्हणू, हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री, मुंबईतल्या मोठ्या बिझनेस हॉटेलात ३ वर्षं ४ महिने, कॉमी थ्री म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीपासून डीसीडीपी म्हणजे सीडीपीच्या एक पायरी खालपर्यंत, सगळं बँक्वेट म्हणजे लग्न-पार्ट्यांच्या किचनला. लिहिलंय '८०० कव्हर्स हँडल केले', म्हणजे ८०० जणांचं जेवण, 'फूड कॉस्ट ३२ टक्क्यांवर आणली', हायजीनचं सर्टिफिकेट. कागद एकदम टापटीप.

दुसरा 'ख', बारावीनंतर क्राफ्ट कोर्स, ६ वर्षांत ५ नोकऱ्या, गुहागर, गणपतीपुळे, दोन तारकर्लीच्या, मध्ये एकदा क्रूझवर ८ महिने. प्रत्येक ठिकाणी लिहिलंय 'सर्व किचन काम'. स्पेलिंगच्या चुका, फोटो लग्नातला कापलेला. मामेभाऊ म्हणतो क ला बोलाव, ख चं तर एक जागी बूड टिकत नाही. तुम्ही काय बघाल?

बंड्या_कुणकेश्वर
फाइव्ह स्टारचो माणूस हय टिकाचो नाय, लिवन घे. दोन महिन्यात मुंबईक परत. आणि ख पण नको, जो दर आठ महिन्यांनी नोकरी सोडता तो तुमची पण सोडतलो. तिसरो बघ.

गावकरीण
क ला बोलवा. फाइव्ह स्टार लिहिलंय तुम्ही, फाइव्ह स्टारचाच आला. अजून काय पाहिजे?

जुना_खानसामा
भाऊ, ३१ वर्षं किचनमध्ये गेली माझी, शेवटची ११ एक्झिक्युटिव्ह शेफ म्हणून, आता वेंगुर्ल्यात घरी असतो. बायोडेटा नंतर, आधी तुमची जाहिरात वाचू, कारण बायोडेटा ज्याच्यावर ठेवून मापायचा ती पट्टीच वाकडी असली तर माप काय कामाचं.

'फाइव्ह स्टार सर्व्हिस स्टँडर्ड' हे चार शब्द पेनाने खोडून टाका. त्याने कुठलंच काम कळत नाही, फक्त मोठ्या हॉटेलची मुलं अर्ज टाकतात. बाकीच्या ओळी मात्र चांगल्या आहेत, त्यात खरं काम लिहिलंय. आता प्रत्येक ओळीला विचारा, हे हातानं कोण करणार, एका वेळी किती जणांसाठी, आणि सामान कुठून येणार. तुमच्या २२ खोल्या भरल्या की सुट्टीच्या दिवसात खोलीमागे अडीच माणूस धरा, म्हणजे ५५ जण. ते सगळे वेगवेगळ्या टेबलावर, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळं मागणार. ही एक गोष्ट डोक्यात ठेवून मग क चे ८०० कव्हर्स वाचा.

बँक्वेटचे ८०० म्हणजे एकच मेनू, एकाच वेळी, आदल्या दिवशी ठरलेला. ग्रेव्हीचे बेस सकाळीच भगोन्यात तयार, फिनिश करून चेफिंग डिशमध्ये ओतायचं. सोपं काम नाही ते, ताळमेळ लागतो, पण एका डीसीडीपीच्या हातात त्या ८०० पैकी बहुतेक एक-दोन आयटम असतात. त्याला मेनूतला एकच पदार्थ ८०० वेळा येतो, तुम्हाला ५५ जणांचे २० पदार्थ पाहिजेत. काम वेगळं आहे, त्यात मोठं-छोटं काही नाही.

आणि मासा. मोठ्या हॉटेलात मासा-मटण कापायचा विभाग, बुचरी, वेगळा असतो, बँक्वेटच्या मुलाकडे फिले होऊन, वजन करून, ट्रेमध्ये येतो. तो इंडेंट भरतो, स्टोअर सामान देतं. तुमच्याकडे संध्याकाळी किनाऱ्यावर लिलावाला जाऊन बघायचं, आज सुरमई महाग म्हणून मोडुसा घेतला तर मेनूवर काय सांगायचं, हे सगळं त्याच माणसाच्या डोक्यावर. क च्या कागदावर बुचरी, पर्चेस, किंवा आ ला कार्ट म्हणजे ऑर्डर येईल तसं बनवणं, यातला एक तरी शब्द आहे का बघा.

देवबागचा_भाऊ
बघितलं. नाही. एक ओळ आहे 'ट्रेनिंग – २० आठवडे, सर्व विभाग'.

जुना_खानसामा
ते कॉलेजचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग, सगळ्यांनाच करावं लागतं. त्यात किचनशिवाय हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस, सर्व्हिस पण येतं, म्हणजे किचनला महिना-दीड महिना मिळाला असेल आणि त्यात बुचरीला चार दिवस लसूण सोलत उभा असेल. तो अनुभव म्हणून मोजू नका, पण काही मुलं ते धरून वर्षं सांगतात म्हणून तारखा जोडून बघा, ३ वर्षं ४ महिने त्याच्याशिवाय आहेत का त्याच्यासकट.

रघुनाथ_खेडशी
चांगला धागा. माझ्या भाच्याला बारावीला ६२ टक्के आहेत, त्याला हॉटेल मॅनेजमेंटला दादरला घालावं का गोव्याला? फी किती असते? आणि शाकाहारी मुलाला चालतं का?

मीनल_पुळे
काका त्यासाठी वेगळा धागा काढा ना, इथे हरवेल तुमचा प्रश्न.

भाऊ, मी फ्रंट ऑफिस बघते, खोल्या तुमच्यापेक्षा थोड्या जास्त. खानसामा काका म्हणतायत तेच माझ्याकडे डेस्कवर झालं म्हणून सांगते. गेल्या सीझनला एक मुलगी घेतली, बायोडेटावर 'रोज १२० चेक-इन', 'अपसेलिंग', सॉफ्टवेअरची तीन नावं. मी खूश. आमच्या जाहिरातीत होतं रात्रपाळी एकट्याने. मोठ्या हॉटेलात डेस्कवर एका वेळी पाच-सहा जण, रिझर्वेशन वेगळं, कॅशियर वेगळा, सामान बेल डेस्क नेतं, टेलिफोनला वेगळी माणसं, रात्रीचं ऑडिट करणारा वेगळा. ती फक्त की-कार्ड आणि हसू एवढंच करायची, आणि ते खरंच छान करायची हो. पण पहिल्याच आठवड्यात रात्री दीड वाजता कोल्हापूरची फॅमिली आली, लाइट गेलेली, एजंटच्या साइटवरचं बुकिंग आमच्या रजिस्टरला चढलंच नव्हतं, खोली एकच शिल्लक आणि ती पण एसी बंद असलेली. तिला कळेना कुणाला फोन करायचा, कारण तिथे नेहमी ड्युटी मॅनेजर असायचा. रडत मला उठवलं. त्याच आठवड्यात एका जर्मन जोडप्याची ऑनलाइन माहिती भरायची राहिली, परदेशी गेस्टचं २४ तासांत पोलिसांकडे जावं लागतं, सी फॉर्म म्हणतो आपण, तिला वाटलं कुणीतरी भरत असेल. जिथे ती होती तिथे खरंच कुणीतरी भरत होतं.

चूक माझी, मी १२० हा आकडा वाचला पण डेस्कवर किती जण होते हे विचारलंच नाही. आता मी कागदावर तीन गोष्टी शोधते, रात्रपाळी, कॅश क्लोजिंग आणि रिझर्वेशन. त्यातल्या दोन नसतील तर कितीही मोठं हॉटेल असू दे मी फोनवर आधी विचारते, रात्री एकटी असताना खोली कमी पडली तर काय केलंस? ज्याने केलंय तो लगेच एखादी गजाल सांगतो. नाही केलं तो 'गेस्ट सॅटिसफॅक्शन इज माय प्रायॉरिटी' म्हणतो.

बंड्या_कुणकेश्वर
म्हणजे मी बोललंय ताच ना? मोठ्या हॉटेलातली नकोत.

जुना_खानसामा
तसं नाही बंड्या. क ने जर त्याच मोठ्या हॉटेलच्या कॉफी शॉपच्या आ ला कार्ट सेक्शनला वर्ष काढलं असतं तर मी त्यालाच घे म्हटलं असतं, कारण तिथे ऑर्डर लागोपाठ येतात, ऑर्डरची चिठ्ठी, केओटी, समोर लटकलेली असते आणि घड्याळ चालू असतं. हॉटेल मोठं की छोटं ह्यावर काय जायचं, तिथे तो कुठल्या टेबलापाशी उभा होता ते बघायचं. टिकत नाही म्हणालास त्यात थोडं तथ्य आहे, पण मुंबईची मुलं जातात ती बहुतेक राहायच्या खोलीवरून आणि सुट्टीवरून, फाइव्ह स्टारच्या सवयीवरून नाही.

आता ख. भाऊ, त्या पाच नोकऱ्यांच्या तारखा टाका बरं महिन्यासकट.

देवबागचा_भाऊ
गुहागर ऑक्टो ते मे. मग गणपतीपुळे ऑक्टो ते मे. मग क्रूझ ऑगस्ट ते एप्रिल. मग तारकर्ली नोव्हें ते मे, आणि परत तारकर्ली, तीच प्रॉपर्टी, ऑक्टो ते मे असं दोन वर्षं लागोपाठ.

जुना_खानसामा
झालं तर मग, उत्तर तुमच्याच तारखांत आहे. जून लागला की आपल्याकडे समुद्र बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, पाऊस, गेस्ट नाही, अर्ध्या किनाऱ्यावरची किचनं अर्ध्या माणसांवर येतात. मुलगा मे अखेर घरी जातो, भात लावतो, दसऱ्याच्या आसपास परत. मुंबईचा एचआर बसला तर म्हणेल टिकत नाही, आपण किनाऱ्यावर राहून तसं कसं म्हणायचं. क्रूझचं पण तेच, कॉन्ट्रॅक्टच सात-आठ-नऊ महिन्यांचं असतं. सोडलं का बघायचं असेल तर सीझनच्या मध्ये, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत कुठून निघाला का ते बघा. नाही ना? उलट तारकर्लीच्या त्याच मालकाने त्याला परत परत बोलावलं. माझ्यासाठी त्या कागदावरची सगळ्यात वजनदार ओळ ती.

पण 'सर्व किचन काम' हे पण ८०० कव्हर्सएवढंच पोकळ आहे. चौघांच्या किचनमध्ये सर्व काम म्हणजे भांडी पण आली. आणि क्रूझवर गेस्टच्या किचनला होता की क्रू मेसला, ते विचारा. तारकर्लीत तो तव्यावर होता, तंदूरवर होता, का मासा धुणारा?

प्राजक्ता_चिपळूण
मला त्या ३२ टक्क्यांबद्दल विचारायचंय. डीसीडीपी फूड कॉस्ट कशी काय आणेल खाली? आमच्याकडे तर ते अकाउंट्स आणि शेफ बघतात.

जुना_खानसामा
बरोबर पकडलंस. ते शेफने केलं, ह्याने वेस्टेजचं रजिस्टर लिहिलं असेल फार तर. खोटं म्हणत नाही मी, फुगवलेलं म्हणतो. फोनवर त्याला साधं गणित घाला. महिन्याच्या सुरवातीला स्टॉक ६० हजार, महिन्यात खरेदी २ लाख ४० हजार, शेवटी स्टॉक ५० हजार उरला, फूड सेल ७ लाख ८० हजार, किती टक्के? वापर अडीच लाख, म्हणजे ३२ च्या जवळ. त्याने पुढे विचारलं की स्टाफचं जेवण वजा केलंय का, तर समजा पोराने खरंच जवळून बघितलंय.

तुमच्याकडे अजून पुढचा प्रश्न, ३ किलोची सुरमई आणली तर १५० ग्रामचे तुकडे किती? माझ्या किचनमध्ये डोकं-शेपूट-पोट जाऊन १३, फार तर १४ पडायचे. जो भागाकार करून २० सांगेल त्याने कधी सुरमई कापलेली नाही, आणि तुमच्या थाळीचा भाव तो २० वर लावेल.

गावकरीण
डोक्याचं तिखलं करा की हो, फेकता कशाला 🙂

जुना_खानसामा
करायचोच, स्टाफला. गेस्ट घाबरतात डोळे बघून.

मीनल_पुळे
भाऊ एक विचारू? ते 'गरम घावणे टेबलावर, २५ मिनिटांत' हे कुणी लिहिलं? किती तवे आहेत?

देवबागचा_भाऊ
मी लिहिलं 😅 दुसऱ्या एका रिसॉर्टच्या जाहिरातीत बघून. बिडाचे दोन तवे आहेत.

जुना_खानसामा
मीनल, शाब्बास, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मांडून बघू. एक घावण उलटून-पालटून उतरेपर्यंत तीन मिनिटं तरी. दोन तवे म्हणजे तासाला ४०, तेही तवा एकदा पण थंड न होता. तुमचे ५५ पैकी ३० जण नऊ ते दहातच उतरणार, कारण आदल्या रात्री गप्पा मारत जागलेले असतात. प्रत्येकी दोन धरले तरी ६०. म्हणजे २० घावण्यांची लोकं ताटकळणार, क येवो, ख येवो, नाहीतर मी येवो. हे बायोडेटात शोधून सापडणार नाही. तिसरा तवा घ्या, किंवा शनिवार-रविवारी घावण्याबरोबर आंबोळी नको, पोहे-उसळ ठेवा. नाहीतर माणूस घ्याल, दिवाळीत नाश्ता उशिरा म्हणून रिव्ह्यू पडतील आणि शिव्या त्याला बसतील.

बंड्या_कुणकेश्वर
ह्या बाकी खरा. आमच्या शेजारी तीन शेफ बदलले एका सीझनात, शेगडी तीच.

प्राजक्ता_चिपळूण
मग जाहिरात बदलूनच परत टाकायची का?

जुना_खानसामा
परत टाका नाहीतर दोघांना फोनवर सांगा, पण सांगा. आणि दोघांनाही ट्रायलला बोलवा, येण्याजाण्याचे पैसे देऊन. शेफ लोक ट्रायलला बटर चिकन करून दाखवतात, ते नको. ट्रायल तुमच्या जाहिरातीतूनच काढा. एक डझन अख्खे बांगडे, एक सुरमई, तिसऱ्या, नारळ, कोकम द्या. मग वीस मिनिटांत तीन वेगळ्या टेबलांच्या ऑर्डर एकामागून एक सोडा, त्यातलं एक शाकाहारी. तुम्ही चव बघू नका, ती बायकोला बघू दे, तुम्ही घड्याळ आणि ओटा बघा.

देवबागचा_भाऊ
१२ दिवसांनी अपडेट टाकतोय. दोघेही येऊन गेले.

फोनवर क ला गणित घातलं, त्याने ३२ बरोबर सांगितलं आणि स्टाफच्या जेवणाचं पण विचारलं, मी चाट पडलो. सुरमईला मात्र 'वीस' म्हणाला. ख ला गणित आलं नाही, पण 'सुरमई नर का गाबोळीची त्यावर आहे' असं उत्तर दिलं. क्रूझवर तो क्रू मेसलाच होता, त्याने स्वतःहून सांगितलं.

ट्रायलला क ला पहिला बांगडा साफ करायला पाच मिनिटं लागली, कल्ल्यात बोट कापून घेतलं. सहाव्या बांगड्यापर्यंत हात बसला. तीन टेबलांच्या ऑर्डरला दुसऱ्या टेबलावर अडकला, आधी सगळं मांडून घ्यायची सवय, ऑर्डर ३८ मिनिटांनी निघाली. पण सोलकढी दोनदा करायला लावली, दोन्ही वेळा चव तीच. आणि न सांगता आमचा फ्रिज उघडून मच्छी खाली, शिजवलेलं वर असं लावलं, डब्यांवर तारखा चिकटवल्या.

ख चे बारा बांगडे दहा मिनिटांत, तिन्ही टेबलं २२ मिनिटांत, तिसऱ्या अप्रतिम. पण ओलं फडकं एकच, त्यानेच सुरी पुसली, ओटा पुसला, आणि साफ केलेली मच्छी त्याने उकडलेल्या बटाट्याच्या वरच्या फळीवर ठेवली, पाणी खाली ठिबकत होतं.

मीनल_पुळे
आई गं. हे दिसलं ते बरं झालं.

गावकरीण
ख ला फडकी आणून द्या चार, प्रश्न मिटला.

जुना_खानसामा
फडक्याने मिटत नाही बाई, घाईच्या वेळी हात जुन्या सवयीवर जातो. पण मी तुमच्या जागी असतो तर ख ला घेतलं असतं आणि पहिल्याच महिन्यात फूड सेफ्टी सुपरवायझरचं ट्रेनिंग करून आणलं असतं. तुम्हाला तसाही त्या सर्टिफिकेटचा एक माणूस लागणारच. फळीचं शिकवता येतं, मी पन्नास मुलांना शिकवलंय, एकेकाला दहा-दहा वेळा ओरडून. वीस मिनिटांत तीन टेबलं डोक्यात ठेवणं शिकवायला मात्र मला कुणालाच सीझनच्या आत जमलं नाही.

प्राजक्ता_चिपळूण
मला नाही पटत काका. क ला पहिल्या दिवशी पाच मिनिटं लागली आणि सहाव्या बांगड्याला हात बसला, म्हणजे तो शिकतोय ना? आणि विषबाधा झाली एखाद्या गेस्टला तर वेग काय चाटायचा? क ला सप्टेंबरमध्येच बोलावलं तर महिना मिळतो.

जुना_खानसामा
सप्टेंबरमध्ये गेस्ट कुठे आहेत त्याला ऑर्डरी मारायला? पण विषबाधेचं म्हणतेस ते नाकारत नाही.

बंड्या_कुणकेश्वर
दोघांका घेवा. एक इनचार्ज एक असिस्टंट.

देवबागचा_भाऊ
मामेभाऊ पण तेच म्हणतोय, पण इनचार्ज कोण ह्यावर गाडी अडलीय. ख म्हणतो मी कुणाच्या हाताखाली नाही, क म्हणतो डीसीडीपीच्या खालची पोस्ट घेणार नाही. तिसरा तवा मात्र आणला कुडाळच्या बाजारातून. जाहिरातीतलं 'फाइव्ह स्टार' पण काढलं.

आणि हो, क ने निघताना एकच विचारलं, स्टाफ क्वार्टर शेअरिंग आहे का सिंगल, बाथरूम आत का बाहेर. मी म्हटलं कळवतो. बाथरूम बाहेर आहे.

बंड्या_कुणकेश्वर
मगे झाला, ख नक्की.

रघुनाथ_खेडशी
भाच्याचं कुणी सांगितलंच नाही. शाकाहारी मुलाला हे बांगडे साफ करावे लागतात का?

जुना_खानसामा
ट्रेनिंगला बहुतेक ठिकाणी लागतात हो काका, फ्रंट ऑफिसला जायचं असलं तरी. त्याला एकदा बाजारात नेऊन वासाला उभा करून बघा.